भिंतीवरची जाहिरात आणि नवऱ्याची साखर

एस.टी. स्टँडच्या मागची भिंत, रेल्वे फाटकाजवळचं पडकं कुंपण, विजेचे खांब. आपल्या गावात या जागा एकाच जाहिरातीसाठी राखून ठेवल्यासारख्या असतात. 'गुप्तरोग, मर्दानी कमजोरी, खात्रीशीर इलाज, दर महिन्याच्या अमुक तारखेला अमुक लॉजवर भेटा.' आपण बायका त्याकडे नजर टाकतो न टाकतो आणि पदर सावरून पुढे जातो. हा पुरुषांचा मामला, आपल्याला काय त्याचं!

मैत्रिणींनो, मला हे पटत नाही. तिथे जाणारे पैसे आपल्याच घरातून जातात, आणि ते जाणं हे काही सर्वांत मोठं नुकसान नव्हे. मोठं नुकसान असं की, त्या पुड्यांच्या नादात शरीरातला खरा आजार तपासायचाच राहून जातो.

आमच्या बचत गटातली सुमन (नाव बदललं आहे) गेल्या वर्षी कर्ज मागायला आली. "ताई, ह्यांच्या औषधाला पाहिजेत," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. नवरा 44 वर्षांचा, टेम्पो चालवतो. दीड वर्ष तो बाजूला झोपत होता. हिला वाटलं, बाहेर कुणीतरी आहे. मग कपाटात कपड्यांमागे पुड्या सापडल्या. इंद्रियाला ताठरता येत नाही म्हणून तो लॉजवरच्या 'वैद्यां'कडे जात होता. 6,500 रुपयांचा एक कोर्स, असे 3 कोर्स झाले होते. पुडी घेतली की त्या दिवशी गुण यायचा, पण डोकं ठणकायचं, चेहरा लाल व्हायचा. पुडी बंद की गुणही बंद. वैद्यबुवा म्हणाले, "जुनी कमजोरी आहे, चौथा कोर्स लागेल."

मी तिला दोनच गोष्टी विचारल्या. रात्री लघवीला किती वेळा उठतात? पाणी फार पितात का? "तीन-चार वेळा उठतात, आणि तांब्या उशाशीच असतो," ती म्हणाली. दोघांना घेऊन मी तालुक्याच्या एम.डी. फिजिशियनकडे गेले. उपाशीपोटी साखर 212. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी 'एचबीएवनसी' 9.4. रक्तदाब 150/96. म्हणजे दुखणं 'गुप्त' वगैरे काही नव्हतं, मधुमेह होता.

डॉक्टरांनी सोप्या भाषेत समजावलं. ताठरता येते ती रक्त भरल्यामुळे. त्या भागाची रक्तवाहिनी जेमतेम 1-2 मिलिमीटरची, हृदयाची 3-4 मिलिमीटरची. साखर, तंबाखू आणि रक्तदाबानं वाहिन्या खराब होऊ लागल्या की बारीक वाहिनी आधी तुंबते. म्हणून पन्नाशीच्या आतबाहेरच्या पुरुषाला हा त्रास सुरू झाला, तर ती कधी कधी हृदयविकाराची काही वर्षं आधी वाजलेली घंटा असते. लगेच ईसीजी काढला. तो सुदैवानं चांगला निघाला. गोळ्या सुरू झाल्या, तंबाखू सुटली. सहा महिन्यांनी एचबीएवनसी 7.1 वर आली. ताठरतेत फरक पडला, पण पूर्ण नाही. मग हृदय तपासून डॉक्टरांनी त्यासाठीची गोळी ठरावीक मात्रेत लिहून दिली. चमत्कार कुणी केला नाही, पण संसार पुन्हा मार्गी लागला.

मग पुडीनं त्या दिवशी गुण कसा येत होता? 'जडीबुटी' म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा औषधांत सिल्डेनाफिल जातीचं ॲलोपॅथीचं औषध कुटून घातलेलं प्रयोगशाळांना अनेकदा सापडलं आहे. ती पुडी तपासली गेली नाही, पण डोकेदुखी आणि लाल चेहरा ही त्याच औषधाची ओळखीची लक्षणं. छातीत दुखतं म्हणून जिभेखाली नायट्रेटची गोळी ठेवणाऱ्या माणसानं अशी पुडी घेतली, तर रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. पुडी देणारा हे विचारतसुद्धा नाही.

आता प्रश्न येतो, जायचं कुणाकडे? पहिली पायरी फिजिशियन किंवा आपलं उपजिल्हा रुग्णालय. साखर, रक्तदाब आणि चरबीची तपासणी तिथेच होते. लघवीला धार नसणं, जळजळ, रक्त, मुतखडा, प्रोस्टेट किंवा इंद्रियाचा वाकडेपणा असेल तर युरॉलॉजिस्ट. त्यांच्या पाटीवर एम.एस.च्या पुढे 'एम.सीएच. युरॉलॉजी' किंवा 'डी.एन.बी. युरॉलॉजी' असतं.

मूल होत नसेल आणि वीर्यतपासणीत शुक्रजंतू कमी किंवा शून्य आले असतील, तर अँड्रॉलॉजिस्ट. आपल्याकडे हे बहुधा त्या कामाचं जास्तीचं शिक्षण घेतलेले युरॉलॉजिस्टच असतात आणि मोठ्या शहरांत भेटतात. इथे एक सांगतेच. सुनेला वर्षानुवर्षं दवाखाने दाखवण्याआधी मुलाची वीर्यतपासणी करा. 2 ते 7 दिवसांचा संयम ठेवून नमुना द्यायचा, सुई नाही की चिरफाड नाही.

सेक्सॉलॉजिस्टच्या बाबतीत मात्र डोळे उघडे ठेवा. पहाटे झोपेत ताठरता येते, पण जवळ जाताना येत नाही, शीघ्रपतन होतं, भीती वाटते, नवराबायकोत अबोला आहे, अशा वेळी दुखणं बऱ्याचदा मनाशी जोडलेलं असतं आणि चांगला सेक्सॉलॉजिस्ट बोलून, समजावून खूप मदत करतो. पण हा शब्द कुणीही पाटीवर लिहितो. म्हणून त्याच्या आधीची पदवी वाचा. एम.डी. मानसोपचार, एम.डी. त्वचा व गुप्तरोग, किंवा निदान एम.बी.बी.एस. आहे का? नोंदणी क्रमांक आहे का? तो महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या यादीत पडताळता येतो. आयुर्वेदाचा खरा वैद्यही बी.ए.एम.एस. असतो आणि नोंदणी क्रमांक दाखवायला लाजत नाही.

भोंदू ओळखणं त्यामानानं सोपं आहे. तो रक्त तपासत नाही, रक्तदाब मोजत नाही, चालू औषधं विचारत नाही. 'तरुणपणच्या चुकां'ची भीती आधी घालतो आणि शंभर टक्के गॅरंटी मग देतो. हस्तमैथुनानं किंवा स्वप्नदोषानं कमजोरी येत नाही, पण याच भीतीवर त्याचं दुकान चालतं. त्याच्या पुडीवर घटक, परवाना क्रमांक, बॅच नंबर काहीच नसतं आणि पावती मागितली की तो चिडतो.

अशी जाहिरात करणंच मुळी गुन्हा आहे. 1954 च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यानं नपुंसकत्व बरं करण्याची, कामशक्ती वाढवण्याची जाहिरात करायला बंदी आहे. भिंतीवर असो, केबलवर असो की वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिरातींत. सत्तर वर्षं उलटून गेली तरी भिंती रंगतातच, कारण फसलेला पुरुष लाजेनं तक्रार करत नाही. तक्रार आपण करू शकतो. त्यासाठी नवऱ्याचं नाव सांगावं लागत नाही. जाहिरातीचा फोटो काढा, तारीख आणि ठिकाण लिहा, हाती लागली तर पुडीही जपून ठेवा आणि जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. आमच्या गटानं गेल्या महिन्यात पाच भिंतींचे फोटो काढून असा अर्ज दिला. अर्जावर अकरा बायकांच्या सह्या आहेत आणि त्यात सुमनची सही पहिली आहे.