मॅडम, तुम्ही सांगितलेलं असं समजलं!



विम्याच्या किंवा बँकेच्या एखाद्या अधिकाऱ्याने तुम्हाला शांतपणे बसवून हिशोब समजावून सांगितला, तर तुम्ही काय करता? बहुतेकदा 'थँक यू' म्हणून आपण फोन ठेवतो. मीही तेच करणार होते. पण चार ओळींचा ईमेल लिहिला आणि त्याचा फायदा मलाच झाला. कसा, ते सांगते.

बाबांचं पित्ताशयाचं ऑपरेशन इथे चेन्नईतच झालं. पॉलिसी 5 लाखांची आणि त्यात रूमच्या भाड्याची मर्यादा रोज 5,000 रुपये. आम्ही घेतली 7,500 ची रूम. बाबांचा हिशोब सरळ होता, "रोजचे अडीच हजार जास्त, म्हणजे तीन दिवसांचे साडेसात हजार आपण भरू." प्रत्यक्षात 1,12,500 च्या बिलातून 27,500 रुपये कापले गेले. घरात एकच वाक्य, "फसवलं आपल्याला!"

विमा कंपनीच्या क्लेम विभागातल्या मॅडमनी मला बिलाचे तीन भाग करायला सांगितले. मर्यादा 5,000 आणि रूम 7,500 ची, म्हणजे तीन भागांपैकी दोनच भाग मंजूर. हे प्रमाण फक्त भाड्याला नाही, तर रूमच्या दर्जाप्रमाणे बदलणाऱ्या खर्चालाही लागतं. म्हणून भाड्याच्या 22,500 पैकी 15,000 मिळाले. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर आणि नर्सिंग मिळून 60,000 होते, त्यातले 40,000 मिळाले. औषधं आणि तपासण्यांचे 30,000 मात्र पूर्ण मिळाले, कारण त्यांना ही कात्री लावता येत नाही. एकूण झाले 85,000. माझी तमिळ अजून कच्चीच, तरी त्यांनी न कंटाळता दोनदा समजावलं, अर्धं तमिळमध्ये, अर्धं इंग्रजीत.

संध्याकाळी मी त्यांना इंग्रजीत ईमेल पाठवला. मराठीत तो असा होईल:

विषय: क्लेमचा हिशोब समजावून सांगितल्याबद्दल आभार (क्लेम नंबरचे शेवटचे चार आकडे)

नमस्कार मॅडम,
आज सकाळी फोनवर तुम्ही माझ्या वडिलांच्या क्लेममधली कपात समजावून सांगितलीत, त्याबद्दल मनापासून आभार. मला समजलं ते असं: रूमचं भाडं मर्यादेपेक्षा जास्त असेल, तर डॉक्टरांची फी आणि ऑपरेशनचा खर्चही त्याच प्रमाणात कमी मिळतो, औषधं आणि तपासण्यांचा मात्र पूर्ण मिळतो. यात काही चुकत असेल तर कृपया कळवा. तुम्ही दोनदा सांगितलंत, म्हणून मी घरी वडिलांना नीट सांगू शकले.
आपली,
(नाव)

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. मॅडमनी लिहिलं होतं की एक गोष्ट राहिली. ज्या हॉस्पिटलमध्ये रूम कुठलीही घेतली तरी डॉक्टरांची फी आणि ऑपरेशनचा दर एकच असतो, तिथे ही प्रमाणातली कपात करता येत नाही. आयसीयूच्या खर्चालाही ती लागत नाही. हे मी फोनवर विचारलंच नव्हतं! आता पुढच्या वेळी भरती होण्याआधी आम्ही दोन प्रश्न विचारणार: आमची मर्यादा किती, आणि इथे रूमप्रमाणे दर बदलतात का?

म्हणूनच नुसतं 'तुम्ही खूप मदत केलीत' असं लिहू नका. काय समजलं ते आपल्या शब्दांत एका वाक्यात लिहा. चूक असेल तर तिथेच सुधारली जाते आणि बरोबर असेल तर ते लेखी राहतं.

ईमेल कंपनीच्या अधिकृत पत्त्यावरच पाठवा. मॅडमच्या वरिष्ठांचा पत्ता माहीत असेल तर त्यांनाही सीसीमध्ये ठेवा, म्हणजे कौतुक योग्य जागी पोचेल. पूर्ण खाते नंबर, आधार किंवा हॉस्पिटलचे कागद या ईमेलला जोडू नका, त्यांची इथे गरज नसते.

आणि कपात मान्य नसेल तर? ते या ईमेलमध्ये लिहू नका. तक्रार वेगळी, कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी द्या. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येतं. त्यांचं एक कार्यालय आपल्या चेन्नईतही आहे.

बाबांनी आता पॉलिसीच्या फाइलवर पेनाने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय: 'रूम 5,000 पर्यंतच.' तुमच्या पॉलिसीत हा आकडा किती आहे? आज जरा उघडून बघा.