अमीनच्या खिशातल्या गोट्या

बालकथेतल्या मुलाचे नाव ठेवताना आपण मराठी मुस्लिम लेखक एका वेगळ्याच पेचात सापडतो. आपल्या बहुतेक नावांना सरळ अर्थ असतो. साबिर म्हणजे धीर धरणारा, आदिल म्हणजे न्यायी, सादिक म्हणजे खरे बोलणारा. आपल्या घरातल्या अनेक वाचकांना हा अर्थ नाव ऐकताच कळतो. शेजारच्या घरातल्या वाचकाला मात्र त्याच नावातून बहुधा एकच गोष्ट कळते, की मुलगा मुसलमान आहे. म्हणजे नाव एकाला फार सांगते आणि दुसऱ्याला फारच थोडे.

माझ्याच एका कथेचे उदाहरण देतो. एका मुलाचे घर शाळेच्या फाटकाला लागून आहे. शाळेत गोट्या नेल्या तर गुरुजी जप्त करतात, म्हणून सगळी पोरे सकाळी आपापल्या गोट्या त्याच्या घरी ठेवतात आणि सुटल्यावर परत नेतात. मुलाचे नाव मी अमीन ठेवले. अमीन म्हणजे ज्याच्याकडे काही निर्धास्त सोपवावे असा विश्वासू. पहिल्याच परिच्छेदात मी लिहिले होते, ‘नावाप्रमाणेच अमीन विश्वासू होता.’ दहा वर्षांच्या भाचीला कथा वाचून दाखवू लागलो, तर तिने मध्येच थांबवले. ‘मामू, शेवटी तो सगळ्यांच्या गोट्या परत देणार ना? मग पुढे काय ऐकायचं?’

तिचे बरोबर होते. ते एक वाक्य लिहून मी कथेचा शेवट आधीच सांगून टाकला होता. शिवाय अमीनला वागायला जागाच उरली नव्हती. तो नावाचा अर्थ पाठ म्हणून दाखवत होता. स्वभाव सुचवणाऱ्या नावाचा धोका हाच. सुचवायचे ते आपण जाहीर करतो आणि मुलाच्या कपाळावर चिठ्ठी चिकटवून बसतो.

मी ते वाक्य काढले, नाव तसेच ठेवले. नव्या कथेत अमीनला दुसऱ्याच्या हिरव्या गोटीचा मोह होतो. ती घेऊन तो विहिरीच्या कट्ट्यावर खेळतो आणि गोटी पाण्यात जाते. एक रात्र तो गप्प राहतो. जेवताना दादी सहज म्हणते, ‘लोकांची अनामत आहे ती, बाबा, नीट ठेवलीस ना?’ आता नाव काम करू लागते, कारण ते मुलाला जड झाले आहे. तो विश्वासू आहे की नाही, हे सकाळी तो मित्राला काय सांगतो त्यावर ठरणार.

दादीच्या तोंडी ‘अनामत’ मुद्दाम घातला. मराठीतला हा शब्द अरबी ‘अमानत’वरून आला आणि अमीन हे नावही त्याच मुळातले. अनामत रक्कम भरलेल्या कुठल्याही मराठी माणसाला या शब्दातली जबाबदारी ठाऊक असते. अर्थ समजावणारी तळटीप लागत नाही. दोन्ही घरांतल्या वाचकांपर्यंत तो एकाच शब्दातून पोचतो. एक काळजी मात्र घ्यावी लागते. एक काना वाढला की अमीनचा ‘आमीन’ होतो, म्हणजे दुआनंतरचा शब्द. छपाईच्या मुद्रितात ही चूक हमखास शोधावी.

असे नाव कथेत एकालाच द्यावे, असे माझे मत आहे. अमीनचे मित्रही सादिक, आदिल, साबिर ठेवले असते तर ती पोरे न राहता गुणांची यादी झाली असती. त्यांची नावे मी कानाला सोपी आणि एकमेकांपासून वेगळी एवढेच पाहून ठेवली. नाव आणि वागणे यांचा मेळ बसलाच पाहिजे असेही नाही. प्रेमचंदांच्या ‘ईदगाह’मधला मोहसिन आठवा. मोहसिन म्हणजे उपकार करणारा. पण तो हामिदसमोर रेवडी धरतो आणि हामिदने हात पुढे करताच स्वतःच्याच तोंडात टाकतो. प्रेमचंदांनी नाव त्यासाठीच निवडले की नाही, ठाऊक नाही. अर्थ जाणणाऱ्याला मात्र तिथे हसू येते, आणि न जाणणाऱ्याचे काही अडत नाही.

माझी कसोटी हीच आहे. नावाचा अर्थ ज्याला कळत नाही त्यालाही कथा पूर्ण वाटली पाहिजे. अमीनऐवजी दुसरे कुठलेही नाव घालून मी ती पुन्हा वाचली. विहिरीवरचा प्रसंग तसाच उभा राहिला, तेव्हाच नाव कायम केले.

मराठी बालकथेत आपली मुले येतात, पण पुष्कळदा ईदच्या दिवशी शीरखुर्मा घेऊन येतात आणि पान उलटले की निघून जातात. त्यांचे नाव फक्त धर्म सांगते. अमीन हे नाव वाचून शेजारच्या मुलीला प्रश्न पडावा, की हा गोटीचे खरे सांगेल का? तेवढा प्रश्न पडला तरी अमीन तिच्या वर्गातला झाला.