धोंडू, सखाराम, अशोक, सचिन

काही वर्षांपूर्वी माझ्या एका कादंबरीवर एका निवृत्त शिक्षिकेचे पत्र आले. कादंबरी आवडली, असे त्यांनी पहिल्या ओळीत लिहिले होते. दुसऱ्या ओळीत विचारले होते, ‘आपल्या कादंबरीतील आजींचा जन्म १९२८ चा आणि नाव अस्मिता. त्या साली मुलीचे असे नाव ठेवणारे खेडेगावातील घर आपण कोठे पाहिले, ते कृपया कळवावे.’

मी काय कळवणार? मला बाई मानी दाखवायची होती, म्हणून मी तिला अस्मिता करून टाकले. तिच्या आईवडिलांना काही मी विचारले नव्हते. आणि नाव तर तेच ठेवतात! कादंबरीतल्या पात्राचे नाव त्या पात्राबद्दल फारसे काही सांगत नाही. ते सांगते त्याच्या जन्माच्या वेळी घरात कोणाचा शब्द चालत होता, आणि त्या माणसांना कशाची भीती होती, कशाची हौस होती, ते.

खरे म्हणजे ही चूक माझ्याकडून व्हायला नको होती. बँकेत पस्तीस वर्षे काढली. खाते उघडण्याच्या अर्जावर नाव आणि जन्मतारीख जवळजवळ असतात. रोजची ती शेकडो नावे वाचून असा हात बसला होता, की नाव ऐकले की वय सांगावे. दिनकर, प्रभाकर, मधुकर, कुसुम, नलिनी, विमल आले की पेन्शनचे खाते. सुनील, संजय, अलका, संगीता म्हणजे नोकरदार, घरासाठी कर्ज मागणारे. अमेय, चिन्मय, सायली यांचे आईवडील पुढे उभे असत, कारण खातेदार स्वतः काउंटरपर्यंत पोहोचत नसे. चार-पाच वर्षे इकडे तिकडे, पण अंदाज सहसा चुकत नसे.

सध्या मी जी कादंबरी लिहितो आहे ती वाईजवळच्या एका शेतकरी घराच्या चार पिढ्यांची आहे. त्या पत्राची धास्ती घेऊन या वेळी आधी नावांची वही केली. प्रत्येक माणसासमोर जन्मसाल, मग राशीचे नाव, पाळण्यातले नाव, शाळेच्या दाखल्यावरचे नाव, हाकेचे नाव, आणि बाई असेल तर सासरचे नाव. वही भरताना लक्षात आले, की कथानकाचा निम्मा भाग त्या रकान्यांतच आहे.

पहिल्या पिढीतला कर्ता पुरुष १८९७ चा. प्लेग १८९६ मध्ये मुंबईत आला आणि तेथून देशावर पसरला. या घरातली आधीची दोन मुले गेली आहेत. तिसऱ्याला नजर लागू नये, काळाला वाटावे की हा नुसता दगड आहे, म्हणून त्याचे नाव धोंडू. दगडू, कचरू, भिकू ही सगळी याच भीतीची नावे. आज ती ऐकून हसू येते, पण मूल फार हवे असे त्या घरातच ती ठेवली जात. नकुसा हे नाव मात्र याच्या नेमके उलट. ते मुलगी नको म्हणून ठेवलेले. सातारा जिल्ह्यात २०११ साली दोनशेहून अधिक नकुसांची नावे समारंभाने बदलण्यात आली. एकाच मुलखातली ही दोन नावे, दोन्ही कानाला ओबडधोबड, आणि अर्थ किती वेगळे! माझ्या वहीत धोंडू आहे. नकुसाही आहे, पण तिच्याविषयी येथे लिहीत नाही.

धोंडू हे नाव एका जातीचे किंवा खेडवळांचेच, असे कोणी समजू नये. प्रत्यय बदलला की समाज बदलत असे. धोंडिबा, धोंडोपंत, धोंडो. महर्षी कर्वे धोंडोच. त्यांच्या घराची नावे मी वहीच्या शेवटच्या पानावर पडताळ्यासाठी लिहून ठेवली आहेत. धोंडो १८५८ चे. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला आणि त्या आनंदीबाई झाल्या. मुलांची नावे रघुनाथ, शंकर, दिनकर, भास्कर. दिनकररावांच्या पत्नी इरावतीबाई, जन्म ब्रह्मदेशातला, १९०५ चा, नाव तिथल्या नदीवरून. त्यांची मुलगी गौरी, म्हणजे लेखिका गौरी देशपांडे, १९४२ च्या. धोंडोपासून गौरीपर्यंत तीनच पिढ्या, पण नावे ओळीने वाचली की शंभर वर्षांचा रस्ता दिसतो. मला त्यात गंमत वाटते ती नद्यांची. मुलीला नदीचे नाव द्यायची आपली जुनीच चाल आहे, गंगा, यमुना, गोदा, कृष्णा. इरावती हे त्याच चालीतले नाव, नदी तेवढी समुद्रापलीकडची. नवी फॅशन अशी जुन्या चालीच्या पोटातूनच येते. एकदम आभाळातून पडते ती माझी अस्मिता.

दुसऱ्या पिढीचा सखाराम १९२४ चा. हे त्याच्या आजोबांचे नाव. थोरल्या नातवाला आजोबांचे नाव द्यायचे, हा अनेक घरांतला रिवाज. आता लेखकाची अडचण पाहा. एका कादंबरीत दोन सखाराम झाले, तर वाचक तिसाव्या पानावर वैतागतो. पण ही अडचण त्या घरातही होतीच, आणि तिचे उत्तर बायकांनी काढले होते. सुनेने सासऱ्याचे नाव उच्चारायचे नाही. मुलाला तेच नाव दिलेले. मग आईने स्वतःच्या मुलाला हाक तरी कशी मारायची? म्हणून तो आबा. आपल्या जुन्या घरांतून आबा, बापू, नाना, अण्णा, बाळ यांचे जे पेव फुटलेले दिसते, त्यात लाडाइतकाच या अडचणीचाही वाटा आहे. माझा सखाराम अख्ख्या कादंबरीत आबाच आहे. सखाराम म्हणून तो दोनदाच येतो, सात-बाराच्या उताऱ्यावर आणि मृत्यूच्या दाखल्यावर.

त्याची बायको माहेरची द्वारका. १९४३ मध्ये लग्न झाले. ताटात तांदूळ पसरून त्यावर नवे नाव लिहिले, सुमती. तोवर द्वारका, भागीरथी ही नावे जुनी वाटू लागली होती. सुमती, सुशीला, शांता ही शिकलेल्या घरांची नावे. म्हणजे फॅशन अशीही बदलते, पाळण्यात नव्हे तर बोहल्यावर.

या रकान्याशी आलो की मला १९८८ सालची एक दुपार आठवते. मी तेव्हा तालुक्याच्या गावी एका शाखेत अधिकारी होतो. सत्तरीकडे झुकलेल्या एक बाई मयत भावाच्या ठेवीसाठी आल्या. भाऊ अविवाहित. त्याने अर्जावर बहिणीचे नामनिर्देशन केले होते, पण तिला तो ज्या नावाने ओळखत होता त्या नावाने, म्हणजे द्वारका. बाईंच्या रेशनकार्डावर सुमती. आडनावही अर्थातच वेगळे. मी नियमाप्रमाणे पुरावा मागितला. शाळेचा दाखला? शाळा पाहिलेली नाही. लग्नाची नोंद? १९३४ साली कोण करत होते! द्वारका नावाची एक मुलगी या जगात होती, याचा कागदी पुरावा त्या ठेवीच्या अर्जावरच काय तो होता.

मी त्यांना प्रतिज्ञापत्र करायला लावले, माहेरच्या गावच्या पोलीसपाटलाचा दाखला आणायला लावला. यात सात आठवडे गेले. शेवटी साक्षीला त्यांच्या माहेरची एक म्हातारी शेजारीण आली. दोघी माझ्या टेबलासमोर बसल्या, आणि शेजारीण सहज म्हणाली, ‘द्वारके, पाणी पितीस का गं?’ बाई काही बोलल्या नाहीत. पाण्याचा पेला हातात घेऊन बसून राहिल्या. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, ‘साहेब, भाऊ गेल्यापासून या नावानं कुणी हाक मारली नव्हती.’ रक्कम काही हजारांची होती. ती मी त्याच दिवशी खात्यात जमा केली. नियमाने मी चुकलो नव्हतो. पण ते सात आठवडे मला पुढे बरीच वर्षे पुरले.

म्हणून कादंबरीत मी ठरवले आहे, की सासरच्या प्रकरणांत ती सुमती आणि माहेरपणाला गेली की निवेदकही तिला द्वारकाच म्हणणार. संपादकांना शंका आहे की वाचकाचा गोंधळ होईल. होऊ दे थोडा.

तिसरी पिढी १९५० ची. रिवाजाप्रमाणे या मुलाचे नाव आजोबांचे, म्हणजे धोंडू हवे. बारशाला आत्याने कानात कुर्र करून तेच सांगितले. पण सुमती सातवी शिकलेली. सहा वर्षांनी शाळेत नाव घालायला ती स्वतः गेली आणि दाखल्यावर अशोक लिहून आली. हा अशोक राजमुद्रेवरचा की पडद्यावरचा, ते तिने कोणाला सांगितले नाही. धोंडूआजोबा तेव्हा हयात आहेत. त्यांना हे कळते तो प्रसंग मी चार वेळा लिहिला आणि चारही वेळा फाडला.

अशोकनंतर फार काळ थांबावे लागत नाही. त्याची बायको शोभा, १९५४ ची. मुलगा सचिन, १९७६ चा. येथे आणखी एक खड्डा आहे. सचिन म्हटले की आजच्या वाचकाला क्रिकेट दिसते. पण तेंडुलकर पहिली कसोटी खेळला १९८९ मध्ये. स्वतः त्याचे नाव वडिलांनी ठेवले ते संगीतकार सचिनदेव बर्मन यांच्यावरून. शोभाच्या मुलाचे नाव आले ते ‘गीत गाता चल’च्या नायकावरून. तो चित्रपट १९७५ चा. नावाची लाट आणि ज्याच्यामुळे ती आली असे आपण मानतो तो माणूस, यांची साले एकदा जुळवून पाहावीत.

आणि नव्या लेखकांना एक सांगावेसे वाटते. आजच्या कादंबरीत किंवा मालिकेत आजी आली की तिचे नाव गोदाक्का किंवा सरस्वतीबाई असते. आपल्या लहानपणी आजीचे नाव ते होते, म्हणून आजी म्हटले की तेच सुचते. पण आज सत्तर वर्षांची असलेली बाई साधारण १९५५ च्या आसपासची. ती शोभा, मंगल, अलका, उषा आहे. आणखी पंधरा-वीस वर्षांनी आज्यांची नावे वैशाली आणि पल्लवी असतील, आणि कोणाला काही वाटणार नाही.

चार पिढ्या झाल्या, पण शेवटच्या पानावर एक बाळ आले आहे. सचिनची चुलतबहीण मृण्मयी, १९९१ ची. तिला पुण्यात २०२४ च्या जूनमध्ये मुलगी झाली. साल आणि महिना मी मुद्दाम निवडले. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आधी आईचे आणि मग वडिलांचे नाव लावायचे, असे महाराष्ट्र शासनाने ठरवले. माझ्या वहीत हा रकानाच नव्हता. पट्टी घेऊन पानाच्या कडेला आखावा लागला. द्वारकेच्या पणतीच्या नावात तिच्या आईचे नाव आयुष्यभर राहील.

पहिला रकाना मात्र अजून रिकामा आहे. मृण्मयीला इरा आवडते, नवऱ्याला मायरा, आणि शोभाआजींनी पंचांग काढून राशीचे अक्षर शोधले आहे. जन्माची नोंद नावाशिवाय होते, नाव मागाहून घालता येते, म्हणून कोणालाच घाई नाही. तोवर घरात सगळे तिला चिऊ म्हणतात.