दोन पानांचे पत्र, चार ओळींचा संदेश

स्मरणिकेतील संदेशांच्या पानांवर प्रत्येकाच्या वाट्याला चार-पाच ओळी येतात. पालक मात्र दोन-दोन पाने लिहितात. त्यात परदेशी स्थिरावलेल्या माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मराठी वाचता येत नाही, म्हणून शेजारी इंग्रजी अनुवादही द्यावा लागतो. पत्र आधी आटते, मग दुसऱ्या भाषेत जाते, आणि या दोन पायऱ्यांत बहुधा माया गळते व केवळ आभार उरतात. हे टाळता येते, असे आमचे मत आहे.

नमुन्यादाखल एक पत्र कल्पू. ऊसतोडीला जाणारी एक माता मुलाच्या वसतिगृहाचा खर्च उचलणाऱ्या माजी विद्यार्थ्याला लिहिते. आरंभी 'सप्रेम जयभीम', मग खुशाली, अक्षराबद्दल दिलगिरी, 'तुमचे उपकार या जन्मी फिटणार नाहीत' हे तीनदा, 'तुमच्या पायाशी' एकदा, आणि भरभरून आशीर्वाद. दुसऱ्या पानाच्या मध्यावर ती सहज सांगून जाते की, कारखान्यावर गेल्यावर पहिल्या रात्री कोपीत तिने सवयीने मुलाचीही भाकरी थापली आणि ती उरली.

घाईने संक्षेप करणारा 'उपकार फिटणार नाहीत' हेच वाक्य उचलतो, कारण ते सर्वांत भावपूर्ण दिसते. मराठीत ते आहेही तसे. इंग्रजीत मात्र 'उपकार फेडणे' हे कर्जफेडीच्या शब्दांत उतरते, आणि 'पायाशी' या शब्दातील नम्रता लाचारीसारखी दिसते. ताठ मानेने लिहिणारी माता अनुवादात हात पसरणारी होते. हा दोष निव्वळ भाषेचा नव्हे. त्यात एका माणसाचा मान जातो.

कारण उघड आहे. आपल्या भाषेतील जिव्हाळा 'लेकरू' सारख्या शब्दांत, 'तुम्ही-आपण' या भेदात, 'हो', 'ना' अशा अव्ययांत वसतो. इंग्रजीत त्यांना जागा नाही. तेथे सर्वांना एकच सर्वनाम. उरलेली भाकरी मात्र कोणत्याही भाषेत उरलेलीच राहते. म्हणून संक्षेप करताना विशेषणे व आभार कमी करावेत आणि घडलेली एक गोष्ट जपावी.

संक्षेप मराठीतच आणि लिहिणाऱ्याच्याच तोंडून करावा. 'एका मातेने कृतज्ञता व्यक्त केली' असे संपादकाच्या तोंडी घातले की पत्र संपले. आमच्या हातून तो असा होईल :

'सप्रेम जयभीम, दादा. यंदा आम्ही ऊस तोडायला गेलो, मुलगा शाळेत राहिला. पहिल्या रात्री सवयीने मी त्याचीही भाकरी थापली. ती उरली, पण रडू आले नाही; तो जेवला असेल हे ठाऊक होते. ते तुमच्यामुळे ठाऊक होते.'

येथे 'फड' व 'कोपी' हे शब्द आम्ही मुद्दाम गाळले, कारण त्यांना खुलाशाची टीप लागली असती आणि टीपेने ओघ तुटतो. 'जयभीम', 'दादा' आणि 'भाकरी' हे शब्द इंग्रजीत जसेच्या तसे ठेवावेत. 'जयभीम'चा शब्दशः अनुवाद केला तर अभिवादन न राहता घोषणा वाटते. 'दादा'ला 'ब्रदर' म्हटले तर वडीलपणाचा मान जातो. शिवाय आपले विभक्तीचे प्रत्यय इंग्रजीत सुटे शब्द होतात, म्हणून मजकूर शब्दसंख्येने वाढतो. पाच ओळींची जागा असेल तर मराठी चारच ओळींचे असावे.

पारख कशी करावी? मूळ पत्र न पाहिलेल्या व्यक्तीला इंग्रजी मजकूर वाचायला द्यावा आणि तो मराठीत सांगायला लावावा. 'एक आई आभार मानते आहे' एवढेच ती सांगू लागली, तर काम फसले. भाकरी उरल्याचे तिने सांगितले, तर साधले. त्यानंतर मराठी संक्षेप त्या मातेला वाचून दाखवावा आणि तिच्या होकारानंतरच छापावा. तिने न लिहिलेले अश्रू आपण घालू नयेत, तिचे दारिद्र्य गडद करू नये.

कोणी म्हणेल, मग तिचे आशीर्वाद कोठे गेले? ते खरोखरच गेले. चार ओळींत सर्व मावत नाही, आणि मावल्याचा आव आणू नये. म्हणून मूळ पत्र ज्याच्या नावे आहे त्याला जसेच्या तसे पोहोचते करावे. त्याला मराठी येते. चार ओळी त्याच्या मुलांसाठी आहेत. पुढचे विचारायला ती पित्याकडे गेली, तर उरलेले पत्र तो त्यांना वाचून दाखवील.