दुबईहून खेडला

कोकणातल्या किती घरांची चूल आखातातल्या पगारावर पेटते! म्हणून या अंकात पैसे घरी पाठवण्याच्या नव्या, क्रिप्टोच्या वाटेविषयी.

समजा, दुबईतला गवंडी दोन हजार दिरहम खेडला पाठवतो. एक्स्चेंजच्या खिडकीवर वीसेक दिरहम शुल्क लागतं, शिवाय दरातही थोडं कापलं जातं. पैसे त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी खात्यात येतात. दिरहमचे यूएसडीटी घेतले, तर ते काही मिनिटांत गावातल्या भावाच्या मोबाईलवर पोचतात, खर्चही बहुधा कमी. पण यूएसडीटीने किराणा येत नाही. ते विकावे लागतात, आणि खरी अडचण तिथेच आहे.

ॲपवरचा अनोळखी खरेदीदार बँकेपेक्षा चढा दर देतो, भाऊ खूश होतो. त्या खरेदीदाराचे पैसे सायबर फसवणुकीतले निघाले, तर दुसऱ्या राज्याच्या पोलिसांच्या पत्रावरून भावाचंच खातं गोठतं. मग आईच्या औषधालाही पैसे निघत नाहीत, आणि सुटकेला महिने लागू शकतात. विक्रीवर ठरावीक मर्यादेपुढे १ टक्का टीडीएस, नफ्यावर ३० टक्के कर. शिवाय रक्कम परदेशातून आल्याची बँकेची नोंद नसते. घरकर्जाच्या वेळी ती लागते.

आमचं मत स्पष्ट आहे: आज तरी घरखर्चाचे पैसे बँकेच्या वाटेनेच पाठवा. मात्र दोन-तीन एक्स्चेंजमध्ये एकच प्रश्न विचारा, ‘घरी नेमके किती रुपये पडतील?’ आणि पावती जपून ठेवा.