मतदार यादीत नेमकं काय बदललं? राजुऱ्याचा वाद आणि फरकाची यादी

गडचांदूर हे सिमेंट कारखान्यांचं गाव राजुरा विधानसभा मतदारसंघात येतं. 18 सप्टेंबर 2025 ला राहुल गांधी यांनी दिल्लीत पत्रकार परिषद घेतली आणि या मतदारसंघाचं नाव देशभर गेलं. राजुऱ्याच्या यादीत 6,850 बोगस नावं ऑनलाइन घुसवली, असा त्यांचा आरोप होता. प्रशासनाचं उत्तर असं: 1 ते 17 ऑक्टोबर 2024 या काळात नवीन नोंदणीचे 7,592 अर्ज आले, तपासणीत संशयास्पद वाटलेले 6,861 अर्ज नाकारले आणि 19 ऑक्टोबरला राजुरा पोलिसांत गुन्हाही दाखल केला. 2024 ला इथला निकाल 3,054 मतांनी लागला होता, त्यामुळे हे आकडे किरकोळ नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, यादी तर सगळ्यांना खुली आहे, उघडून बघा ना! मला या वादात रस वाटतो तो इथेच. यादी उघडून हे कळत नाही. यादी सांगते की आज कोण कोण आहे. कालच्या तुलनेत कोण आलं आणि कोण गेलं, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याला वेगळा कागद लागतो.

एका यादी भागाची पीडीएफ उघडा. एका पानावर 30 नावं, म्हणजे 1,200 मतदारांसाठी 40 पानं. महिन्याभरानं नवी पीडीएफ आली की परत तीच 40 पानं. त्यातली 39 पानं जशीच्या तशी असतील, पण कोणती, हे वाचल्याशिवाय कळणार नाही. त्यात बऱ्याच पीडीएफ फोटोसारख्या असतात, शोध मारला तर काही सापडत नाही. सॉफ्टवेअरवाल्यांनी ही अडचण `diff` नावाच्या कमांडनं कधीच सोडवली आहे: दोन फाइल द्या, ती फक्त फरक दाखवते.

गंमत म्हणजे निवडणूक आयोगाच्या कागदपत्रांतही हीच सोय आहे. तिला पुरवणी यादी म्हणतात. मूळ यादी तशीच ठेवायची आणि शेवटी जोडायचे तीन भाग: वाढलेली नावं, वगळलेली नावं आणि दुरुस्त झालेल्या नोंदी. वगळलेल्या नावापुढे कारणाचं अक्षर असतं. मृत्यू असेल तर E, स्थलांतर असेल तर S, दुबार नाव असेल तर R, माणूस सापडला नाही तर M, अपात्र ठरला तर Q. म्हणजे 40 पानांचा बदल असा मावतो (क्रमांक काल्पनिक आहेत):

```
+ ABC0000047
- ABC0000012   R
- ABC0000020   S
# ABC0000031   वय 42 -> 24
```

चार ओळी, आणि प्रत्येक ओळीवर प्रश्न विचारता येतो. ABC0000020 हा मतदार खरंच गाव सोडून गेला का? शेजारी लगेच सांगेल. पूर्ण यादी हातात धरून हा प्रश्न सुचतच नाही, कारण गेलेला माणूस तिथे दिसत नाही.

पीडीएफच्या शेवटच्या पानावर गोषवारा असतो, तो जरूर बघा, पण त्यावर थांबू नका. समजा एका भागात 42 नावं वाढली आणि 40 वगळली. निव्वळ फरक फक्त 2! वरून बघणाऱ्याला वाटेल काही घडलंच नाही. प्रत्यक्षात 82 नोंदी हलल्या आहेत. ‘एकूण किती वाढले’ हा आकडा म्हणजे फरकाची यादी नव्हे, हे डोक्यात पक्कं ठेवा.

दुसरी अडचण जुळणीची. दोन याद्या कशावरून जुळवायच्या? अनुक्रमांकावरून जुळवलं तर घोटाळा होतो, कारण नव्यानं यादी बांधली की अनुक्रमांक बदलतात. नावावरूनही जमत नाही, कारण ‘चंद्रकला’ची ‘चंदकला’ झाली की जुनी बाई गेली आणि नवी आली असं दिसतं. ओळखपत्राचा क्रमांक, म्हणजे तीन अक्षरं आणि सात आकडे, हीच त्यातल्या त्यात भरवशाची खूण. नगर परिषदेच्या निवडणुकीत हे जास्त जाणवतं. गेल्या वर्षाअखेरच्या निवडणुकांसाठी 1 जुलै 2025 ची विधानसभेची यादीच घेतली आणि प्रभागांनुसार फोडली. गडचांदूरची अशी प्रभाग यादी जुन्या यादीशी ओळीला ओळ लावून बघितली, तर जवळपास सगळंच बदललेलं दिसेल. माणसं मात्र तीच. नावं फक्त जागेवरून हलली आहेत. हलणं आणि बदलणं यात फरक न करणारी तुलना बिनकामाची, तिच्यावरून व्हॉट्सअॅपवर हाकाटी तेवढी होते.

फरकाची यादी मिळाली नाही तर काय होतं, ते बिहारनं दाखवलं. तिथे 1 ऑगस्ट 2025 ला 7.24 कोटी नावांची प्रारूप यादी आली. आधीच्या यादीतली सुमारे 65 लाख नावं तीत नव्हती. पण कोणती नव्हती, याची वेगळी यादी लोकांसमोर ठेवलेली नव्हती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 14 ऑगस्टला न्यायालयानं सांगितलं की वगळलेल्या नावांची यादी कारणांसह जाहीर करा आणि ती ओळखपत्राच्या क्रमांकानं शोधता यायला हवी. माझ्या मते त्या आदेशातला महत्त्वाचा शब्द ‘कारणांसह’ हा आहे. आयोगाच्या हिशेबात सुमारे 22 लाख मृत, 36 लाख स्थलांतरित किंवा न सापडलेले आणि 7 लाख दुबार होते. कारण लिहिलं की जिवंत माणूस केंद्रावर जाऊन म्हणू शकतो, ‘मला मृत दाखवलंय, हा मी उभा आहे.’ नुसत्या 65 लाखांच्या आकड्याशी कोण भांडणार?

आता परत राजुऱ्याकडे. इथे फरकाच्या यादीची एक मर्यादा समोर येते. नाकारलेला अर्ज मूळ यादीत नसतो आणि पुरवणी यादीतही नसतो, कारण यादीच्या दृष्टीनं काहीच बदललेलं नाही. त्यामुळे पुरवणी यादी कितीही चाळली तरी ते 6,861 अर्ज दिसायचे नाहीत. ते शोधायचे अर्जांच्या यादीत. नवीन नावासाठी नमुना 6 भरतात आणि अशा आलेल्या अर्जांची यादी नमुना 9 मध्ये लागते. वगळण्याच्या अर्जांची नमुना 10 मध्ये, दुरुस्तीच्या अर्जांची नमुना 11 मध्ये. म्हणजे काय मागितलं गेलं याचा कागद वेगळा आणि काय झालं याचा वेगळा. वादाचा निकाल लावायचा तर त्या सतरा दिवसांचा नमुना 9 आणि त्यानंतरची पुरवणी यादी शेजारी ठेवून एकेक अर्ज जुळवावा लागेल. पहिल्यात आहे आणि दुसऱ्यातही आहे, तर नाव लागलं. फक्त पहिल्यात आहे, तर नाकारलं. फक्त दुसऱ्यातच आहे, तर मात्र प्रश्न गंभीर.

घरच्यांची नावं `electoralsearch.eci.gov.in` वर बघता येतात, पण तिथे फक्त आजची स्थिती कळते. म्हणून आपल्या यादी भागाची पीडीएफ पुरवण्यांसकट आत्ताच उतरवून ठेवा आणि फाइलच्या नावात प्रसिद्धीची तारीख घाला. पुरवण्या कधी ना कधी मूळ यादीत मिसळतात, अनुक्रमांक नव्यानं पडतात आणि ‘वगळले’चा शिक्का बसलेल्या नोंदी नव्या पीडीएफमधून निघून जातात. त्यानंतर तुलनेसाठी तुमच्या फोनमधली जुनी फाइलच उरते.