प्रिय पाटील गॅस, शुभ दीपावली!

वसुबारसेला सकाळी मोबाइल जो वाजायला लागतो, तो भाऊबीजेपर्यंत थांबत नाही. त्यातले किती मेसेज तुम्ही शेवटपर्यंत वाचता? ‘आपणांस व आपल्या परिवारास’ इथपर्यंत नजर गेली की अंगठा आपोआप पुढे सरकतो. खरं ना?

पण बॉस, आपणही काही वेगळं करत नाही. क्लायंट, व्हेंडर, जुन्या ऑफिसमधली गँग असे साठेक जण तर सहज होतात. साठ मेल एकेक करून लिहायला वेळ कुणाला आहे? म्हणजे एक्सेलची यादी आणि वर्डचं मेल मर्ज आलंच. त्यात गैर काही नाही. फक्त त्या यादीत काय भरायचं, याचा थोडा विचार हवा.

पहिला घोळ होतो नावाचा. यादी बहुतेक वेळा मोबाइलच्या कॉन्टॅक्ट्समधून उचललेली असते. तिथे ‘पाटील गॅस’ असतात, ‘राहुल एसी’ असतो आणि कुठल्याशा फॉर्मवरून आलेले ‘KULKARNI SANJAY D’ असतात. या रकान्यावर थेट मर्ज मारलं, तर काय होणार ते वर शीर्षकात वाचलंतच! म्हणून नावाच्या रकान्याला हातच लावू नका. शेजारी नवा रकाना काढा, `Sambodhan` नावाचा. त्यात त्या माणसाला तुम्ही समोरासमोर जशी हाक मारता, तशीच लिहा. ‘कुलकर्णी सर’, ‘पाटील काका’, ‘स्नेहा’, ‘मॅडम’. ज्यांना तुम्ही कधीच ‘प्रिय’ म्हणत नाही, त्यांना दिवाळीतही म्हणू नका. आणि ही हाक अख्ख्या मेलमध्ये एकदाच येऊ द्या. मधेमधे नाव पेरलं की क्रेडिट कार्ड विकणाऱ्या मेलचा वास यायला लागतो.

दुसरा घोळ आपल्या लाडक्या मराठीचा. इंग्रजीत गावाचं नाव वाक्यात कुठेही टाका, ते आहे तसंच राहतं. मराठीत प्रत्यय लागला की शब्दच बदलतो. टेम्प्लेटमध्ये तुम्ही ‘«Gaon»च्या टीमला शुभेच्छा’ लिहिलंत, तर नाशिकला काहीच अडचण नाही. पण यादीत पुणे आलं की ‘पुणेच्या टीमला’ आणि ठाणे आलं की ‘ठाणेच्या टीमला’. पुणेकर लगेच ओळखणार, की हे माणसाने लिहिलेलं नाही! तोच प्रकार क्रियापदांचा. ‘तू भेटलास’ म्हटलं की अर्ध्या यादीचं ‘भेटलीस’ चुकतं. ‘तुम्ही भेटलात’ मात्र दोघांनाही चालतं.

यावर उपाय सोपा आहे. सुटे शब्द मर्ज करायचेच नाहीत, अख्खं वाक्य मर्ज करायचं. दुसरा रकाना `Ol`. त्यात त्या माणसासाठीचं एक पूर्ण वाक्य, प्रत्ययांसकट, पूर्णविरामासकट. मग टेम्प्लेट एवढंच उरतं:

```
«Sambodhan»,
«Ol»
दिवाळीच्या मनापासून शुभेच्छा!
```

खाली दोन-तीन वाक्यं सगळ्यांसाठी सारखी असली तरी चालतात. ती ‘तुम्ही’त लिहा आणि ‘तू’वाल्या मित्रमैत्रिणींसाठी वेगळी फाइल करा. खास ओळ मात्र वरच ठेवा. फोनवर मेल उघडायच्या आधी सुरुवातीचे मोजकेच शब्द दिसतात, आणि मेल उघडायचा की नाही हे तिथेच ठरतं.

आता त्या ओळीत लिहायचं काय? यंदाच्या वर्षात तुम्हा दोघांमध्ये खरंच घडलेली एक छोटी गोष्ट. कुलकर्णी सरांसाठी : ‘मार्चअखेरीला रात्री नऊ वाजता बसून तुम्ही आमची बिलं क्लिअर केलीत, ते अजून लक्षात आहे.’ प्रेसवाल्या पाटील काकांसाठी : ‘ब्रोशरचं दुसरं प्रूफ तुम्ही स्वतः घेऊन आलात, म्हणून आमचा इव्हेंट वेळेत झाला.’ नुकतंच लग्न झालेल्या स्नेहासाठी : ‘पहिला दिवाळसण, म्हणजे यंदा तुझ्या माहेरी नवऱ्याची चंगळ!’

ओळ जमली का, हे तपासायला एक टेस्ट आहे. वरचं संबोधन बोटाने झाका आणि तीच ओळ यादीतल्या दुसऱ्या कुणाला पाठवता येईल का, ते बघा. ‘तुमच्यासोबत काम करून छान वाटलं’ साठही जणांना चालेल, म्हणजे ती बाद. ‘दुसरं प्रूफ’ फक्त पाटील काकांनाच लागू पडतं. एकाच ऑफिसातल्या लोकांच्या ओळी तर शेजारी ठेवून वाचा. ते लंच टाइममध्ये मेल एकमेकांना दाखवणार, हे धरून चाला.

आणि हो, जे त्यांनी स्वतः तुम्हाला सांगितलेलं नाही, ते लिहू नका. इन्स्टावर दिसलेली मनालीची ट्रिप किंवा दुसऱ्याकडून कळलेलं प्रमोशन, या गोष्टी जिव्हाळ्याच्या नाही, पाळत ठेवल्यासारख्या वाटतात. एखाद्यासाठी खरी ओळ सुचतच नसेल, तर ओढूनताणून रचू नका. त्याला साध्या दोन ओळींच्या शुभेच्छा पाठवा. खोट्या जवळिकीपेक्षा त्या बऱ्या.

तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात जास्त विसरला जाणारा : `Pathvu`. त्यात फक्त हो किंवा नाही. ज्यांच्या घरात या वर्षी कुणी गेलंय, त्यांच्यासमोर ‘नाही’. आपल्याकडे अशा अनेक घरांत त्या वर्षी दिवाळी साजरी होत नाही, फराळसुद्धा शेजारीपाजारी नाहीतर नातेवाईक आणून देतात. त्या घरात ‘आनंदाची आणि भरभराटीची’ असा चकचकीत मेल जाऊन पडला, तर त्यावर कितीही छान नाव असलं तरी कळतंच, की पाठवणाऱ्याने बघितलेलंसुद्धा नाही. अशांना मेल नको. फोन करा, ‘कसे आहात?’ एवढंच विचारा. गेल्या वर्षीची यादी तशीच वापरलीत तर हा धोका सर्वात जास्त, कारण या वर्षीचं दुःख त्या यादीला माहीत नसतं.

आता शेवटची तपासणी. यादी .xlsx मध्येच सेव्ह करा. साध्या CSV मध्ये टाकलीत तर मराठी अक्षरांची प्रश्नचिन्हं होऊ शकतात. वर्डमध्ये Mailings मधून यादी जोडली, की Edit Recipient List उघडा आणि ‘नाही’वाल्यांच्या टिका काढून टाका. मग Preview Results दाबा आणि बाणाने पुढे जात साठच्या साठ मेल नजरेखालून घाला. पहिले तीन बघून ‘चलता है’ म्हणू नका. रिकामी ओळ असो की एका रांगेने खाली सरकलेलं वाक्य, ते नेमकं एक्केचाळिसाव्या मेलमध्ये निघतं. कुलकर्णी सरांना दिवाळसणाच्या शुभेच्छा गेल्या, तर पुढची बिलं क्लिअर व्हायची पंचाईत!

एका ओळीला एक मिनिट धरलं, तर साठ जणांचा होतो एक तास. दोन लंच ब्रेकमध्ये आटपतो. आणि त्या एका मिनिटात काहीच आठवलं नाही असे जे पाचसहा जण उरतील ना, त्यांची नावं बाजूला लिहून ठेवा. त्यांना मेलपेक्षा दिवाळीनंतरच्या एका चहाची जास्त गरज आहे.